विरुद्धस्वभावी जुळी भावंडे (पात्ररचना)

कथा, कादंबरी आणि नाटकातील पात्ररचनेचा एक प्रकार. यात जुळी भावंडे स्वभावाने एकमेकांच्या अगदी उलट असतात. मात्र दोघांच्याही मनाच्या तळाशी एकच निष्ठा दडलेली असते. ती कोणी बोलून दाखवत नाही आणि बाका प्रसंग आला की वर येते. सारख्या चेहऱ्यांमुळे उडणारा गोंधळ हा जुळ्यांच्या गोष्टींचा जुना प्रकार याहून वेगळा. येथे दोघांनी सारखे दिसण्याची गरज नाही, बहीण-भाऊही चालतात. गरज असते ती सारख्या वयाची. घरात काही विपरीत घडते तेव्हा थोरल्याला ते कळलेले असते आणि धाकट्याला नंतर सांगितलेले असते. जुळ्यांनी मात्र ते एकाच वयात, तितक्याच अर्धवट समजुतीने पाहिलेले असते.

रचनेची सुरुवात बहुतेक लेखक स्वभावांपासून करतात: एक शांत, एक तापट. खरे तर आधी ठरवायला हवी ती निष्ठा. ती एकमेकांवरची असून भागत नाही, कारण भावंडांचे प्रेम वाचक गृहीतच धरतो. ती तिसऱ्या कशावर तरी असावी: एखादी व्यक्ती, दिलेला शब्द, लपवलेली गोष्ट. मग त्या एकाच गोष्टीला दोघांनी दिलेली दोन उत्तरे म्हणजे त्यांचे स्वभाव.

समजा, एका गावातील पतसंस्थेत अफरातफर झाली आणि ठपका कारकुनावर आला. पैसे प्रत्यक्षात त्याच्या बायकोने घेतले होते. शिवणयंत्र त्यातूनच आले. नऊ वर्षांच्या जुळ्या मुलांनी तिला नोटा मोजताना पाहिले, पण त्यावर दोघे आपापसांतही कधी बोलले नाहीत. एक मुलगा पुढे लेखापरीक्षक झाला: मितभाषी, पैशापैशाचा हिशेब ठेवणारा, खोटे सहन न होणारा. दुसरा ठेकेदार: बडबड्या, उधार-उसनवारीत बुडालेला, पोटात काही न ठरणारा. एकाने त्या दिवसाचे उत्तर नियमांत शोधले, दुसऱ्याने गोंगाटात. वडील वारल्यावर जुने प्रकरण पुन्हा उकरले जाते आणि दोघांना वेगवेगळे बोलावून जबाब घेतात. कधीही खोटे न बोलणारा तिथे सरळ खोटे बोलतो. ज्याची जीभ थांबत नाही, तो गप्प बसतो. दोघेही आईला वाचवतात, पण प्रत्येकाला त्यासाठी आपल्या स्वभावातील सर्वांत घट्ट गाठ सोडावी लागते. दडपण निवडण्याची कसोटी हीच. नुसते संकट आणून चालत नाही. घरावर दरोडा पडला असता तर दोघे आपापल्या स्वभावानेच लढले असते आणि आतले काहीच बाहेर आले नसते.

हा उलगडा आयत्या वेळी चिकटवलेला वाटू नये म्हणून आधी खुणा पेराव्या लागतात. एक भाऊ दर दिवाळीला त्या यंत्राला तेल घालतो. दुसरा कर्जात गळ्यापर्यंत बुडाला तरी ते विकू देत नाही. पहिल्या वाचनात यातले एक शिस्त वाटावे आणि दुसरे हट्ट. खुणा दोन-तीनच पुऱ्या. जास्त झाल्या की वाचक जबाबाच्या आधीच निकाल लावून मोकळा होतो. दुसरी हमखास चूक म्हणजे दडपण ओसरताच दोघांना गळ्यात गळा घालायला लावणे. निष्ठा एक निघाली म्हणून स्वभाव जुळत नाहीत. उलट आपले खोटे भावाला ठाऊक आहे, ही नवी अडचण लेखापरीक्षकापुढे उभी राहते. रचना साधली की नाही, हे पाहायला दोघांचे संवाद अदलाबदल करून वाचावेत. एरवी ते बेसूर लागले पाहिजेत, जबाबाच्या प्रसंगात मात्र जवळजवळ खपून गेले पाहिजेत.

महाभारतातील नकुल-सहदेवांकडे या रचनेसाठी लागणारे बरेचसे सामान आहे. महाप्रस्थानात सहदेव पडतो तो बुद्धीच्या अभिमानामुळे, नकुल रूपाच्या. म्हणजे दोघांच्या खोडी वेगळ्या. दोघांत समान काय, तर पंडूबरोबर सती गेलेली माद्री. दबावही आहे: द्यूतात युधिष्ठिर भावांपैकी आधी याच दोघांना पणाला लावतो आणि माद्रीचे पुत्र लावलेस, भीम-अर्जुन तुला अधिक प्रिय दिसतात, असे शकुनी टोचतो. पण तिथे जुळे काही बोलत नाहीत. यक्षप्रश्नाच्या प्रसंगी माद्रीचाही एक मुलगा जगावा म्हणून नकुलाचे प्राण मागतो तो युधिष्ठिर. माद्रीचा भाऊ शल्य तर कौरवांचा सेनापती होतो आणि अठराव्या दिवशी युधिष्ठिराच्याच हातून मरतो. त्याच दिवशी सहदेव शकुनीला मारतो. मामा समोर उभा असताना या दोघांच्या मनात काय चालले होते, याला महाकाव्याने फारशी जागा दिलेली नाही. ही गोष्ट नव्याने लिहू पाहणाऱ्याला सुरुवात करायला तो अठरावा दिवस पुरेसा आहे.