समान घर्षण पद्धत आणि 'स्टॅटिक'चा घोळ : पार्श्वभूमी

व्हेंटिलेशनच्या डक्टचा आकार ठरवायला आपल्याकडे बहुतेक सगळे समान घर्षण पद्धत वापरतात. दर शंभर फुटांना ०.१ इंच पाण्याइतकं घर्षण धरायचं, डक्टचा आकार दाखवणारी हिशेबाची चकती फिरवायची, समोर येतो तो व्यास घ्यायचा आणि त्याची चौकोनी जोडी करायची. हा ०.१ आकडा निसर्गनियमातून आलेला नाही. तो हाताने हिशेब करायच्या काळातली तडजोड आहे. त्याहून कमी धरला तर डक्ट मोठी होते आणि पत्रा महागतो. जास्त धरला तर वेग वाढतो, आवाज येतो आणि फॅनला दम लागतो.

त्याआधी वेग गृहीत धरून आकार काढायची रीत होती. मुख्य डक्टमध्ये इतका वेग, फाट्यात इतका, ग्रिलजवळ इतका, असं अनुभवाने ठरवायचं. दाब किती पडेल ते नंतर पाहायचं, आणि पुष्कळदा पाहिलंही जात नसे. घर्षणाचं मूळ समीकरण १९व्या शतकाच्या मध्यापासून हाताशी होतं, पण घर्षणांकाची किंमत काढणं कटकटीचं होतं. खडबडीतपणा आणि वेग दोन्ही धरणारं सूत्र १९३९ मध्ये आलं. १९४० च्या दशकात जस्त चढवलेल्या पत्र्याच्या गोल डक्टसाठी तयार आलेख निघाले आणि काम एकदम सोपं झालं. चौकोनी डक्टसाठी गोल व्यास काढायचं सूत्रही १९४८ सालचं आहे. आजच्या स्प्रेडशीटमध्ये ते जसंच्या तसं बसलेलं असतं. De म्हणजे गोल व्यास, a आणि b म्हणजे चौकोनी डक्टच्या दोन बाजू:

```
De = 1.30 (ab)^0.625 / (a+b)^0.25
```

एक तपशील सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्या जुन्या आलेखात शंभर फुटांत सुमारे ४० सांधे धरले होते, म्हणजे दर अडीच फुटाला एक. खडबडीतपणाही आजच्यापेक्षा जास्त धरला होता. पुढे चाचण्या झाल्या, सांधे चार फुटांवर गेले आणि सुधारित आलेखात घर्षण कमी दिसू लागलं. आपल्याकडच्या अनेक चकत्या आणि शीट मात्र जुन्याच आलेखावर चालतात. त्यामुळे सरळ डक्टचं घर्षण थोडं जास्तच येतं. नुकसान फार नाही, पण पुढे येणाऱ्या 'सेफ्टी'च्या थरांमधला हा पहिला थर.

भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली. किलो आणि मीटर बाजारात रुजले, पण डक्टवाल्यांनी फूट सोडला नाही. आजही हवा सीएफएममध्ये म्हणजे मिनिटाला घनफुटांत, डक्ट इंचांत आणि फॅनचा दाब मिलिमीटर पाण्यात लिहितात. एकाच ओळीत फूट, इंच आणि मिलिमीटर नांदतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

आता एक उदाहरण. पॅकिंग हॉलला ६००० सीएफएम ताजी हवा द्यायची आहे. डक्टला तीन ग्रिल, प्रत्येकी २०००. फॅनपासून शेवटच्या ग्रिलपर्यंत अंतर १३० फूट. छताखाली जागा कमी, म्हणून डक्टची उंची १८ इंचांवर बांधलेली. ०.१ घर्षणाला ६००० सीएफएमसाठी गोल व्यास साधारण २७.४ इंच येतो, म्हणजे ३६ बाय १८. पहिल्या ग्रिलनंतर ४००० साठी २३.५ इंच, म्हणजे २६ बाय १८. शेवटच्या तुकड्यात २००० साठी १८ इंच, म्हणजे १६ बाय १८. पहिल्या तुकड्यातला प्रत्यक्ष वेग मिनिटाला सुमारे १३३० फूट, शेवटच्या तुकड्यातला १०००. घर्षण सारखं ठेवलं की वेग आपोआप उतरत जातो, आवाजही ग्रिलकडे कमी होतो. पद्धत एवढी टिकली ती याच गुणामुळे.

फॅनचा दाब काढताना घोळ इथूनच सुरू होतो. १३० फूट सरळ डक्टचं घर्षण होतं ०.१३ इंच, म्हणजे ३.३ मिलिमीटर. एवढंच! नवख्या माणसाला हे खरं वाटत नाही. खरा दाब खातात एल्बो, फाटे, लूव्हर, फिल्टर आणि ग्रिल. एल्बोचं नुकसान वेगदाबाच्या, म्हणजे हवेच्या वेगामुळे येणाऱ्या दाबाच्या, पटीत मोजतात. १३३० फूट वेगाला वेगदाब ०.११ इंच. नीट वळवलेल्या, मोठ्या त्रिज्येच्या एल्बोला त्याचा पाचवा भाग लागतो, म्हणजे अर्धा मिलिमीटर. काटकोनात कापलेल्या, आत व्हेन नसलेल्या एल्बोला त्याच्या १.२ पट लागतं, म्हणजे ०.१३ इंच. तो एक एल्बो पूर्ण १३० फूट सरळ डक्टइतका दाब खातो. साइटवर बीम आडवा आला की फॅब्रिकेटर नेमका हाच एल्बो बसवतो आणि ड्रॉइंगमध्ये त्याचा पत्ता नसतो.

आपल्या डक्टमध्ये दोन एल्बो आहेत आणि दोन्ही चांगले आहेत असं धरू. सरळ डक्ट ३.३, एल्बो १.१, फाटे आणि आकार कमी होतो तिथे १.५, बाहेरचा लूव्हर २.५, मळलेला फिल्टर १२, डँपर १, ग्रिल २.५. बेरीज २४ च्या आसपास, वर दहा टक्के धरून २६ मिलिमीटर. इथे निम्मा दाब फिल्टरचा आहे. तोच फिल्टर नवा असतो तेव्हा ५ मिलिमीटर घेतो. म्हणजे पहिल्या दिवशीची डक्ट आणि सहा महिन्यांनंतरची डक्ट फॅनला सारखी दिसत नाही.

पण हे २६ म्हणजे नक्की काय? इन्क्वायरीत '६००० सीएफएम, २६ एमएम स्टॅटिक' एवढंच लिहितात. 'स्टॅटिक' या एका शब्दाखाली किमान तीन वेगवेगळ्या राशी फिरतात आणि त्यावर वाद आजही मिटलेला नाही.

पहिली, डक्टच्या भिंतीला भोक पाडून नळी लावली की मोजली जाणारी स्थिर दाबाची किंमत. दुसरी, फॅन स्टॅटिक प्रेशर. याची व्याख्या फॅनच्या चाचणीची नियमावली लिहिणाऱ्यांनी केली: फॅनने वाढवलेला एकूण दाब, म्हणजे स्थिर दाब अधिक वेगदाब, वजा फॅनच्या तोंडाशी असलेला वेगदाब. यामागचं कारण त्या काळात पटणारं होतं. तेव्हाचे बरेच फॅन मोठ्या पेटीत किंवा मोकळ्या हवेत वारा सोडत. तोंडातून सुटलेल्या वेगाचा उपयोग कोणाला होत नव्हता, म्हणून तो हिशेबातून वगळणंच प्रामाणिक वाटलं. पण मांडणी अशी झाली की फॅन स्टॅटिक म्हणजे 'बाहेरचा स्टॅटिक वजा आतला स्टॅटिक' असं होत नाही. समीकरण सोडवलं की उरतं ते बाहेरचा स्टॅटिक वजा आतला एकूण दाब.

आकड्यात बघू. सक्शनच्या डक्टमध्ये नळी उणे १५ मिलिमीटर दाखवते, डिस्चार्जला अधिक १४. साइटवरचा माणूस दोन्ही मिळवून २९ लिहितो. पण सक्शनला हवा वेगाने येते आहे आणि तिथला वेगदाब २.८ मिलिमीटर आहे. तो वजा करायचा, म्हणजे फॅन स्टॅटिक २६.२. फॅनचा कर्व्ह, म्हणजे कोणत्या दाबाला किती हवा मिळेल ते दाखवणारा आलेख, याच आकड्यावर वाचायचा असतो. २९ वर वाचला तर फॅन ठरल्यापेक्षा कमी हवा देतो आहे असं दिसतं आणि फॅन पुरवणाऱ्याशी विनाकारण भांडण होतं. अशी भांडणं मी दोनदा पाहिली आहेत आणि दोन्ही वेळा फॅन निर्दोष होता.

माझं मत सरळ आहे. एकूण दाबावर हिशेब केला तर हा प्रश्न उरतच नाही. एकूण दाब प्रवाहाच्या दिशेने फक्त उतरतो. स्थिर दाब मात्र वेग कमी झाला की मध्येच थोडा वर चढतो. समान घर्षण पद्धतीत पुढे वेग उतरत जातो, म्हणजे असा चढ हमखास येतो आणि बहुतेक शीट तो सोडून देतात. युरोपात एकूण दाबाची सवय बऱ्यापैकी रुळली. अमेरिकी वळणावर शिकलेल्या कन्सल्टंटांनी स्टॅटिक सोडलं नाही आणि आपण त्यांच्याच मागे गेलो. स्टॅटिकच्या बाजूनेही एक म्हणणं आहे: साइटवर मोजायला तोच सोपा. ते खरं आहे, पण मोजायला सोपं म्हणून तेच मागवायलाही योग्य असं होत नाही.

तिसरी राशी म्हणजे एक्स्टर्नल स्टॅटिक. एअर हँडलिंग युनिट तयार पेटीत यायला लागली तेव्हा हा शब्द रूढ झाला. पेटीच्या आतल्या फिल्टर-कॉइलचं नुकसान बनवणाऱ्याने बघायचं, बाहेरच्या डक्टचं ग्राहकाने सांगायचं, अशी ती वाटणी. आपल्या उदाहरणात फिल्टर पेटीत असेल तर बाहेरचे राहतात सुमारे १३ मिलिमीटर. पण इन्क्वायरीत २६ लिहून त्यापुढे 'एक्स्टर्नल' टाकलं की फिल्टर दोनदा मोजला जातो. आणि १३ लिहून 'एक्स्टर्नल' विसरलं तर एकदाही मोजला जात नाही.

मग कन्सल्टंट धास्तावतो आणि २६ चे ४० करतो. १९९० नंतर आपल्या कार्यालयांत स्प्रेडशीट आल्या, प्रत्येक ओळीला वेगळी दहा-पंधरा टक्के 'सेफ्टी' टाकायची सोय झाली आणि ही सवय वाढली. समान घर्षणाऐवजी संगणकाने पत्रा आणि वीज दोन्हींचा खर्च मिळून आकार काढायच्या पद्धती १९८० च्या दशकातच आल्या होत्या, पण त्या आपल्या कार्यालयांत फारशा उतरल्या नाहीत. सेफ्टी मात्र उतरली.

४० वर निवडलेल्या पुढे वळलेल्या पात्यांच्या ब्लोअरचं काय होतं ते एका साइटवर जवळून पाहिलं. फिल्टर नवे, डक्टचा प्रत्यक्ष विरोध वीसच्या आत. फॅनचा कर्व्ह आणि डक्टचा कर्व्ह ठरल्या जागी भेटलेच नाहीत, पुढे सरकून सुमारे ७००० सीएफएमच्या वर भेटले. या जातीच्या ब्लोअरला हवा वाढली की ताकदही वाढतच जाते. मोटरचे अँपिअर प्लेटवरच्या आकड्यापलीकडे गेले आणि तासाभरात ओव्हरलोड रिलेने ट्रिप केलं. ठेकेदार म्हणाला, "साहेब, स्टॅटिक कमी पडतंय, मोठी मोटर लावू." उलटं होतं, मागवलेलं स्टॅटिकच गरजेपेक्षा जास्त झालं होतं. त्याने ग्रिलजवळचे डँपर अर्धे बंद केले, अँपिअर खाली आले आणि ग्रिल शिट्टी मारायला लागले.

शेवटी डँपर उघडून मोटरची पुली बदलली आणि फॅनचे फेरे सातास सहा या प्रमाणात उतरवले. हवा ६००० च्या जवळ आली, ताकद जवळपास ६३ टक्क्यांवर आली, रिले पुन्हा पडला नाही. पहिल्या ग्रिलला मात्र तरीही जास्त हवा जात राहिली, कारण जवळच्या ग्रिलचा रस्ता आखूड आणि समान घर्षण पद्धत त्याची भरपाई करत नाही. त्याचा डँपर तेवढा थोडा दाबून ठेवावा लागला.