चित्र रीसेट आणि ध्वनी रीसेट (स्मार्ट टीव्ही)

स्मार्ट टीव्हीतली फक्त चित्राची किंवा फक्त आवाजाची सेटिंग्ज मूळ स्थितीला नेण्याच्या सोयीला चित्र रीसेट किंवा ध्वनी रीसेट म्हणतात. संचावर घेतलेली अ‍ॅप्स, लॉग-इन केलेली खाती, वायफायचा पासवर्ड आणि शोधून ठेवलेले चॅनेल यांना यात हात लागत नाही. संपूर्ण रीसेट, म्हणजे फॅक्टरी रीसेट, याहून वेगळे आहे. त्यात टीव्ही नुकताच खोक्यातून काढल्यासारखा होतो आणि भाषा निवडण्यापासून सगळे पुन्हा करावे लागते. चेहरे हिरवट दिसू लागले किंवा संवाद ऐकू येईनासे झाले की बरेच जण थेट फॅक्टरी रीसेटकडे वळतात आणि दहा सेकंदांच्या कामासाठी सगळे पासवर्ड पुन्हा टाइप करत बसतात.

हे दोन रीसेट वेगळे राहू शकतात, कारण संचात या गोष्टींची साठवण वेगवेगळी असते. अ‍ॅप्स आणि खाती वापरकर्त्याच्या माहितीसाठी राखलेल्या भागात असतात आणि फॅक्टरी रीसेट तो भाग पुसून टाकते. उजळपणा, कॉन्ट्रास्ट, रंगछटा, इक्वलायझर या मात्र निव्वळ आकड्यांच्या छोट्या नोंदी आहेत. त्यांची मूळ मूल्ये टीव्हीच्या सॉफ्टवेअरमध्येच लिहिलेली असतात. चित्र रीसेट केले की ती मूल्ये सध्याच्या नोंदींवर पुन्हा उतरवली जातात, बस. म्हणून टीव्ही बंद होऊन पुन्हा सुरू होत नाही आणि बदल जागच्या जागी दिसतो. मूल्ये सॉफ्टवेअरमधून येत असल्याने मोठ्या अपडेटनंतरचे ‘मूळ’ चित्र विकत घेतल्या दिवशीच्या चित्रापेक्षा किंचित वेगळे असू शकते.

पर्याय कुठे असतो

सॅमसंगच्या संचांत तो Picture विभागात Expert Settings मध्ये अगदी तळाशी ‘Reset Picture’ या नावाने असतो आणि आवाजासाठी Sound विभागात तसाच ‘Reset Sound’ असतो. इतर कंपन्यांच्या संचांतही चित्राच्या प्रगत सेटिंग्जच्या शेवटी Reset हा शब्द सापडतो. नावे मॉडेलगणिक बदलतात, पण एक खूण सहसा चुकत नाही: हवा तो पर्याय Picture किंवा Sound च्या पोटात असतो. General, System किंवा About खाली दिसणारा रीसेट सगळे पुसणारा असतो. एलजीमध्ये त्याचे नाव ‘Reset to Initial Settings’ आहे, तर अँड्रॉइडवर चालणाऱ्या संचांत पुढच्या पडद्यावर ‘Erase everything’ असे लिहून येते. सॅमसंग त्यासाठी पिन मागतो. तो बदलला नसेल तर 0000 असतो. तेव्हा रंग सुधारायला गेलेल्या माणसासमोर पिनचा चौकोन आला, तर तिथूनच मागे फिरावे.

सॅमसंगमध्ये आणखी एक फसवे नाव आहे, ‘Reset Smart Hub’. ते नेमके उलटे काम करते: अ‍ॅप्स आणि खात्यांची बाजू कोरी करते आणि चित्राला स्पर्शही करत नाही. अ‍ॅप उघडताना अडकत असेल तर ते उपयोगी आहे, चेहरे हिरवे दिसत असतील तर नाही.

रीसेटचा आवाका

‘रीसेट केले पण काहीच फरक पडला नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. चित्र रीसेट सहसा सगळे चित्र रीसेट करत नाही, फक्त त्या क्षणी चालू असलेला चित्र मोड रीसेट करते. Standard, Movie, Dynamic या प्रत्येक मोडचे आकडे स्वतंत्र असतात. त्यातही अनेक संच प्रत्येक इनपुटसाठी निराळी मूल्ये ठेवतात: सेटटॉप बॉक्स लावलेल्या एचडीएमआय १ चा Standard वेगळा, गेम कन्सोल लावलेल्या एचडीएमआय २ चा वेगळा आणि टीव्हीतल्या अ‍ॅप्सचा आणखी वेगळा. शिवाय साधा व्हिडिओ, उजेड-अंधारातला फरक अधिक दाखवणारा एचडीआर आणि त्याचाच एक प्रकार असलेला डॉल्बी व्हिजन या तीन प्रकारच्या सिग्नलसाठी आकड्यांचे वेगळे गट असतात. त्यामुळे एकाच टीव्हीत आकड्यांचे डझनभर कप्पे असू शकतात आणि रीसेटचे बटण त्यांतला उघडा असलेला एकच कप्पा साफ करते.

ध्वनीचे तसे नसते. ध्वनी रीसेट बहुधा आवाजाच्या सगळ्या सेटिंग्जना एकदम लागू होते.

एक उदाहरण घेऊ. घरात सेटटॉप बॉक्स एचडीएमआय १ वर आहे आणि चित्रपट टीव्हीतल्या अ‍ॅपवरून पाहिले जातात. एका रात्री एचडीआर चित्रपट पाहताना डोळ्यांना त्रास होतो म्हणून कोणीतरी मागचा प्रकाश अर्ध्याहून खाली आणतो आणि विसरतो. पुढच्या आठवड्यात दुसरा चित्रपट लावल्यावर रात्रीची दृश्ये काळ्या डागासारखी दिसतात. घरातले दुसरे कोणी दुपारी बातम्या चालू असताना मेनू उघडून चित्र रीसेट करते. बातम्या आधीही ठीक होत्या, आताही ठीक दिसतात. रात्री चित्रपट मात्र तितकाच अंधारा निघतो. मग ‘टीव्ही गेला’ असा निष्कर्ष काढून फॅक्टरी रीसेट होते. त्याने चित्र सुधारते खरे, पण सगळी खातीही जातात.

यात योग्य कृती अशी: तोच चित्रपट लावायचा, तो चालू असतानाच मेनू उघडायचा आणि मोडचे नाव पाहायचे. एचडीआर सिग्नल सुरू असताना अनेक संच मोडच्या नावापुढे एचडीआरची खूण दाखवतात किंवा मोडची यादीच बदलतात. तसे दिसले की आपण योग्य कप्प्यात आहोत. तिथे रीसेट करायचे. दुसरा चित्रपट डॉल्बी व्हिजनचा असेल आणि तोही अंधारा वाटत असेल, तर तो चालवून हेच पुन्हा करायचे. मेनूत ‘सर्व इनपुटना लागू करा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, पण त्याची पोहोच सहसा त्याच प्रकारच्या सिग्नलपुरती असते. साध्या व्हिडिओवर तो वापरून एचडीआर सुधारेल, अशी आशा धरू नये.

रीसेटपूर्वी एक सोपी चाचणी करता येते. दृश्य तसेच ठेवून Standard वरून Movie वर जावे. चित्र एकदम बरे झाले, तर दोष पहिल्या मोडच्या आकड्यांत आहे आणि तेवढाच मोड रीसेट करून भागेल. सगळ्या मोडमध्ये तोच दोष तसाच राहिला, तर कारण बहुधा मोडच्या बाहेर आहे.

रीसेट जिथे पोहोचत नाही

मोडच्या बाहेरच्या कारणांत पहिला संशयित म्हणजे वीजबचत. खोलीतला उजेड मोजून पडदा मंद करणारा सेन्सर आणि वीज वाचवण्यासाठी प्रकाश उतरवणारी सेटिंग्ज अनेक संचांत चित्र विभागात नसतात. सॅमसंगमध्ये ती General खालच्या ‘Power and Energy Saving’ मध्ये आहेत. चित्र रीसेट करूनही तिन्हीसांजेला पडदा आपोआप मंद होत असेल, तर आधी तिथे पाहावे.

दुसरा संशयित म्हणजे सुलभता विभाग. रंग उलटे करणे, चित्र कृष्णधवल करणे, अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतला फरक ठळक करणे हे दृष्टिदोष असलेल्यांसाठीचे पर्याय आहेत आणि काही रिमोटवर एक बटण लांब दाबले की त्यांचा मेनू उघडतो. कुशनखाली दबलेल्या रिमोटने टीव्ही कृष्णधवल होतो तो असा. दृश्याचे वर्णन करणारा आवाज अचानक सुरू झाला, तर तोही इथलाच किंवा त्या अ‍ॅपच्या ऑडिओ भाषेच्या निवडीतला असतो. ध्वनी रीसेटने तो जाईलच असे नाही.

ध्वनी रीसेट आणि साउंडबार

टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला ध्वनी रीसेटमध्ये गमावण्यासारखे फारसे नाही. इक्वलायझर सपाट होतो, डावा-उजवा तोल मध्यावर येतो, ध्वनी मोड मूळ होतो. संवाद दबके आणि पार्श्वसंगीत मोठे अशी तक्रार कोणीतरी निवडलेल्या सिनेमा मोडमुळे असेल, तर ती इथेच संपते.

साउंडबार किंवा अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला असेल तर मात्र जपून. काही संचांत आवाज बाहेर कुठून जायचा ही निवडही मूळ स्थितीला जाते, म्हणजे आवाज पुन्हा टीव्हीच्या स्पीकरमधून येऊ लागतो. घाबरण्याचे कारण नाही. ध्वनी आउटपुटमध्ये जाऊन साउंडबार जिथे जोडला आहे ते पोर्ट, एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल, परत निवडायचे. याहून चकवणारा प्रकार डिजिटल आवाजाच्या स्वरूपाचा आहे. जुना साउंडबार पीसीएम या साध्या, न दाबलेल्या स्वरूपावर नीट चालत असतो, रीसेटनंतर टीव्ही त्याला न समजणारे स्वरूप पाठवू लागतो आणि साउंडबार मुका होतो किंवा कुरकुर करतो. ठरावीक कार्यक्रमांनाच आवाज नाही आणि बाकीच्यांना आहे, ही त्याची खूण. स्वरूप पुन्हा पीसीएम केले की आवाज येतो, मात्र ऑप्टिकल केबलवर पीसीएम म्हणजे फक्त दोन चॅनेलचा आवाज हे मान्य करावे लागते. ओठ आणि आवाज जुळावेत म्हणून दिलेला मिलिसेकंदांचा विलंबही शून्यावर येऊ शकतो.

म्हणून रीसेटपूर्वी मेनूच्या दोन-चार पानांचे फोनवर फोटो काढून ठेवावेत. तंत्रज्ञाकडून पडद्याचे कॅलिब्रेशन करून घेतले असेल, तर ही केवळ सावधगिरी राहत नाही. पांढऱ्या रंगाचा तोल ठरवणारे व्हाइट बॅलन्सचे आकडे त्या-त्या पॅनेलसाठी मोजून बसवलेले असतात, ते पुन्हा अंदाजाने सापडत नाहीत, आणि चित्र रीसेटमध्ये तेही जाऊ शकतात.

आकडे आपोआप बदलतात तेव्हा

आपण बसवलेले आकडे काही मिनिटांनी आपोआप भडक मूल्यांवर परत जात असतील, तर रीसेट कितीही वेळा केले तरी उपयोग नाही. तो टीव्ही दुकानी मोडमध्ये आहे. पहिल्या सुरुवातीला ‘घर की दुकान’ हा प्रश्न येतो, तिथे घाईत दुकान निवडले गेलेले असते. या मोडमध्ये संच मुद्दाम आपली चित्र सेटिंग्ज पुन्हा पुन्हा मूळ करतो, म्हणजे दालनात कोणी गिऱ्हाइकाने केलेली छेडछाड टिकू नये. बऱ्याच संचांत General किंवा System खाली वापराचा प्रकार ‘घर’ असा बदलता येतो आणि त्यासाठी अ‍ॅप्स पुसावी लागत नाहीत. तो पर्याय मेनूत नसलाच, तर फॅक्टरी रीसेट करून पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलणे एवढेच उरते.