अग्रक्रम कंस घालतो, वेळ ठरवत नाही

सी भाषेच्या परीक्षांमध्ये आणि नोकरीच्या मुलाखतींमध्ये एक प्रश्न हमखास येतो. चार ओळींचा कोड दिलेला असतो आणि आउटपुट काय येईल ते सांगायचं असतं. या प्रश्नांत मला बरोबर उत्तरापेक्षा चुकलेलं उत्तर जास्त बोलकं वाटतं. ते नीट पाहिलं, तर सोडवणाऱ्याच्या डोक्यात नेमका कोणता नियम वाकडा बसला आहे ते कळतं. त्यासाठीच रचलेला हा एक नमुना:

```c
int a = 0, b = 7, c = -7;
int r = a++ || b / 2 * 2 == b && c++;
printf("%d %d %d %d\n", a, b, c, r);
```

खरं आउटपुट आहे `1 7 -7 0`. पण कोणी `1 7 -6 1` लिहितं, कोणी `1 7 -7 1`. ही दोन्ही उत्तरं विचार करूनच आलेली असतात, फक्त तो विचार वेगवेगळ्या ठिकाणी घसरलेला असतो.

आधी कंस घालू. या ओळीतल्या ऑपरेटरांत सर्वांत घट्ट बांधणारा म्हणजे मागे लागणारा `++`. त्याखालोखाल `/` आणि `*`, मग `==`, मग `&&`, मग `||` आणि सर्वांत शेवटी `=`. या उतरंडीप्रमाणे कंपायलरला ती ओळ अशी दिसते:

```c
r = (a++) || ((((b / 2) * 2) == b) && (c++));
```

अग्रक्रमाचं काम इथे संपलं. कोणता भाग कोणाच्या कंसात जातो एवढंच त्याने सांगितलं. कोणता भाग आधी चालेल याबद्दल त्याने एक अक्षरही काढलेलं नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण शाळेत आपण या दोन गोष्टी एकच मानायला शिकलो. ‘कंचेभागुबेव’ म्हणत उदाहरण सोडवताना जे आधी बांधलं जातं तेच आधी करायचं असतं, आणि कागदावर त्याने काही बिघडत नाही.

कंचेभागुबेवचा विषय निघालाच आहे, तर त्यातली आणखी एक गोष्ट सीमध्ये आडवी येते. त्या सूत्रात भागाकार गुणाकाराच्या आधी येतो. सीमध्ये `/`, `*` आणि `%` एकाच पायरीवर बसतात, आणि पायरी एकच असेल तर गट डावीकडून उजवीकडे पडतात. `7 * 3 / 2` हे शाळेच्या गणितात कसंही सोडवा, साडेदहाच येतात. सीमध्ये ते `(7 * 3) / 2`, म्हणजे २१ भागिले २, म्हणजे १०. सूत्र पाठ असलेला विद्यार्थी आधी `3 / 2` करतो, ते १ येतं, आणि त्याचं उत्तर होतं ७. साडेदहाला पोचायला दोन वाटा होत्या. अपूर्णांक टाकून दिल्याबरोबर त्या वाटा वेगळ्या गावी निघाल्या.

हे टाकून देणं केव्हा होतं ते पाहायला हवं. दोन्ही बाजूंना `int` असतील तर `/` ची खूण पूर्णांकी भागाकार करते आणि दशांश चिन्हानंतरचं सगळं तिथल्या तिथे जातं. शेवटी एकदा नव्हे, प्रत्येक भागाकारापाशी. आपल्या नमुन्यात `b / 2` म्हणजे ३, त्याला २ ने गुणलं की ६, आणि ६ काही ७ नव्हेत. म्हणून `==` चं उत्तर शून्य. ज्याने ‘दोनने भागलं, दोनने गुणलं, म्हणजे जैसे थे’ असा विचार केला, त्याला ही तुलना खरी वाटली, मग `c++` चालला, `c` झाला −६ आणि `r` झाला १. पहिलं चुकीचं उत्तर इथून आलं.

सेल्सिअसचं फॅरनहाइट करणाऱ्या सूत्रात हीच चूक खऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसते. `9 / 5 * t + 32` मध्ये `t` १०० असेल तर २१२ यायला हवेत, पण येतात १३२, कारण `9 / 5` म्हणजे १. अनेक जण `t` ला `double` करून पाहतात. त्याने फरक पडत नाही. `9 / 5` च्या दोन्ही बाजूंना अजूनही पूर्णांकच आहेत, आणि शेजारी कोण बसलंय हे त्या भागाकाराला ठाऊक नसतं. `9.0 / 5 * t + 32` लिहिलं की काम होतं.

ऋण संख्यांबाबत एक बारीक गोष्ट आहे. `-7 / 2` चं उत्तर −३ येतं, −४ नाही, कारण सी शून्याच्या दिशेने छाटतं. १९९९ च्या मानकाने हे पक्कं केलं. त्याआधीच्या मानकात −३ द्यायचे की −४ हे कंपायलर बनवणाऱ्यावर सोडलेलं होतं. भागाकाराला भाजकाने गुणून बाकी मिळवली की मूळ संख्या परत यायलाच हवी. त्यामुळे भागाकार −३ ठरला की `-7 % 2` ला −१ होण्यावाचून पर्याय उरत नाही. आता विषम संख्या ओळखायला `n % 2 == 1` लिहिणाऱ्याची पंचाईत होते. हा तपास −७ ला विषम म्हणत नाही. `n % 2 != 0` लिहावं, ते दोन्हीकडे चालतं.

आता दुसरं चुकीचं उत्तर, `1 7 -7 1`. इथे घसरण `a++` वर झाली आहे. `a++` दोन गोष्टी करतो आणि त्या वेगळ्या धरल्या पाहिजेत. एक, तो एक्स्प्रेशनला किंमत देतो, ती जुनी म्हणजे ०. दोन, तो `a` च्या साठ्यात १ भरतो. हा झाला साइड इफेक्ट. `||` ला दिसते ती किंमत, साठा नव्हे. किंमत शून्य म्हणून डावी बाजू खोटी ठरली आणि उजवीकडे जावं लागलं. ज्याने १ धरला, त्याला डावी बाजू खरी वाटली आणि तो तिथेच थांबला.

थांबण्याचा हा नियम `||` आणि `&&` चा खास आहे. डावी बाजू आधी पूर्ण होते, साइड इफेक्टसकट. तिच्यावरून निकाल लागत असेल तर उजवीकडे पाहिलंच जात नाही. आपल्या नमुन्यात `==` शून्य आला, `&&` चा निकाल तिथेच लागला, म्हणून `c++` चाललाच नाही आणि `c` −७ राहिला.

अग्रक्रम आणि वेळ यांतलं अंतर स्वच्छ दिसावं म्हणून नमुन्यात दोनच बदल करू. `a` ची सुरुवात १ ने, आणि `==` च्या जागी `!=`:

```c
int a = 1, b = 7, c = -7;
int r = a++ || b / 2 * 2 != b && c++;
```

‘`&&` चा अग्रक्रम `||` पेक्षा वरचा, म्हणजे तो आधी चालणार’ असं मानणारा आधी उजवीकडे जातो. ६ आणि ७ वेगळे, तुलना खरी, `c++` चालला, `c` −६. प्रत्यक्षात `a++` ची किंमत १ आहे, डावी बाजू खरी आहे, आणि उजवीकडचा अख्खा गट, वरच्या अग्रक्रमाच्या `&&` सकट, कधी चालतच नाही. आउटपुट `2 7 -7 1`. `&&` ने कंस आपल्याकडे ओढला खरा, पण त्या कंसात कोणी पाऊलच टाकलं नाही.

इथपर्यंतच्या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर आहे, कारण `||` आणि `&&` मध्ये आधी-नंतर ठरलेलं असतं. `+` आणि `*` च्या दोन बाजूंना असा क्रम नसतो. म्हणून पुढचा प्रश्न, जो प्रश्नसंचांत सतत भेटतो, मला खरोखर अन्यायाचा वाटतो:

```c
int i = 5;
printf("%d\n", i++ * ++i);
```

कंस निर्विवाद आहेत: `(i++) * (++i)`. आता चालवून पाहू. डावीकडून सुरुवात केली आणि वाढ लगेच साठ्यात भरली, तर ५ गुणिले ७, उत्तर ३५. उजवीकडून सुरुवात केली तर `++i` देतो ६, मग `i++` जुनी किंमत देतो, तीही ६, उत्तर ३६. आणि दोघांनी आधी `i` वाचून घेतला, साठ्यात भरण्याचं काम मागाहून केलं, तर ५ गुणिले ६, उत्तर ३०. तिन्ही वाटांत कंस तेच आहेत.

यांतली बरोबर वाट कोणती, हे मानक सांगत नाही. क्रम न ठरलेल्या दोन जागी एकाच व्हेरिएबलमध्ये बदल केला, तर ते अनडिफाइन्ड बिहेविअर आहे, एवढंच ते म्हणतं. याचा अर्थ ‘या तीनपैकी काहीही’ असासुद्धा होत नाही. या प्रोग्रॅमने काय करावं यावर मानकाचं कोणतंच बंधन उरत नाही. कंपायलरला ही मोकळीक मुद्दाम दिलेली आहे. किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवावी की मेमरीत लगेच लिहावी, कोणती बाजू आधी काढावी, हे त्याने त्या प्रोसेसरला सोयीचं पडेल तसं ठरवावं. म्हणून ‘माझ्या मशिनवर ३५ आलं’ हा पुरावा होत नाही. ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली तरी आकडा बदलू शकतो.

`printf("%d %d", i++, ++i)` ची गत तीच. आर्ग्युमेंटं उजवीकडून डावीकडे काढली जातात असं ठामपणे सांगणारे भेटतात, पण तो एखाद्या कंपायलरचा स्वभाव झाला, भाषेचा नियम नव्हे. शिवाय तिथला स्वल्पविराम म्हणजे कॉमा ऑपरेटर नव्हे, तो नुसता आर्ग्युमेंटं वेगळी करतो.

अशी ओळ ओळखायला साधी सोय आहे. जीसीसीला `gcc -Wall` असं चालवलं की तो म्हणतो:

```
warning: operation on 'i' may be undefined [-Wsequence-point]
```

आपल्या पहिल्या नमुन्यावरही तो बोलतो, पण वेगळ्या सुरात: `||` च्या आतल्या `&&` भोवती कंस घाला, असं सुचवतो. `b / 2 * 2` बद्दल मात्र चकार शब्द काढत नाही, कारण भाषेच्या दृष्टीने तिथे काही वावगं नाही. या इशाऱ्यांनाही मर्यादा आहे. `(*p)++ * ++(*q)` मध्ये `p` आणि `q` एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तर गुन्हा तोच, पण ते चालवण्याआधी समजेलच असं नाही.

त्या अन्यायाच्या प्रश्नाला ‘३५’ हा पर्याय देणाऱ्या प्रश्नकर्त्याला बहुधा एवढंच तपासायचं असतं, की किंमत आणि वाढ यांतला फरक विद्यार्थ्याला कळला आहे का. त्यासाठी `*` च्या जागी खरा कॉमा ऑपरेटर पुरतो:

```c
int i = 5;
int r = (i++, ++i);
```

कॉमा ऑपरेटर डावी बाजू साइड इफेक्टसकट संपवतो, तिची किंमत टाकून देतो आणि मगच उजवीकडे वळतो. त्यामुळे `i` आधी ६ होतो, मग ७, आणि `r` मध्ये ७ येतात, कोणत्याही कंपायलरवर. कंस काढून `r = i++, ++i;` असं नेहमीचं विधान लिहिलं तर मात्र `=` चा अग्रक्रम कॉमाच्या वर असल्यामुळे गट `(r = i++), ++i` असा पडतो. `i` तेव्हाही ७ होतो, पण `r` मध्ये येतात ५.