चिमूटभर चिपाड, दीड अंशाचा हिशेब

बॉम्ब कॅलरीमापीत जळणारं इंधन एक ग्रॅमसुद्धा नसतं, आणि ते जळताना कुणाला दिसतही नाही. जाड पोलादी भांड्याच्या आत, पाण्याखाली, क्षणार्धात सगळं उरकतं. बाहेरून कळतं ते एवढंच, की दोन लिटर पाणी एक-दोन अंशांनी तापलं. त्या एक-दोन अंशांवरून एका टन इंधनात किती उष्णता आहे हे सांगायचं असतं. त्यामुळे या प्रयोगात जाळणं सोपं. अवघड आहे ते तापमान.

उदाहरणाला उसाचं चिपाड घेऊ, म्हणजे कारखान्यातला बगॅस. रस काढून उरलेला हा चोथाच साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातो, त्याच्या वाफेवर गिरणी चालते आणि सहवीजनिर्मितीही होते. गिरणीतून निघताना त्यात जवळपास निम्मं पाणी असतं. असं ओलं चिपाड मुशीत ठेवून पेट घेत नाही. म्हणून ते वाळवायचं, दळायचं, बारीक चाळणीतून काढायचं आणि लहानशा हातप्रेसमध्ये दाबून त्याची गोळी करायची. भुकटी तशीच ठेवली तर ऑक्सिजन भरतानाच ती मुशीतून उडते आणि भांड्याच्या भिंतीला न जळता चिकटून राहते. चिपाड हलकं आणि तंतुमय असल्यामुळे त्याची गोळी कोळशाच्या गोळीसारखी घट्ट बसत नाही, लगेच कडेने भुगा सुटतो. म्हणून वजन करायचं ते मुशीत ठेवल्यावर, आधी नाही. आमच्या गोळीचं वजन भरलं ०.८०६ ग्रॅम.

आता ‘बॉम्ब’. नाव भीतीदायक असलं तरी ही साधारण पेल्याएवढी पोकळी असलेली, स्क्रूच्या झाकणाची स्टीलची कुपी. फ्रेंच रसायनज्ञ बर्थेलो यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत रूढ केली. त्यांच्या भांड्याला आतून प्लॅटिनमचं अस्तर होतं. आपल्याकडे गंज न धरणाऱ्या पोलादावर भागतं. झाकणाला खाली दोन दांडे असतात. एकाला मूस अडकवायची आणि दोन्हींमध्ये दहा सेंटिमीटर नायक्रोमची बारीक तार ताणायची. तारेचा मधला वळसा गोळीला टेकला पाहिजे, पण मुशीला लागता कामा नये. लागला तर विजेला मुशीतून आडवाट मिळते, तार तापतच नाही आणि बटण दाबूनही तापमापी ढिम्म राहतो. पहिल्यांदा प्रयोग करणाऱ्यांचा निम्मा वेळ या एका तारेत जातो.

झाकण लावण्याआधी भांड्याच्या तळाशी पिपेटने एक मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी टाकतात. हे का, असं तोंडी परीक्षेत विचारलं की बहुतेक मुलं गप्प होतात. त्याचं उत्तर पुढे येईलच.

मग ऑक्सिजन. सिलिंडरवरून सावकाश, २५ वातावरण दाबापर्यंत. तीनशे मिलिलिटरच्या भांड्यात या दाबाला जवळपास दहा ग्रॅम ऑक्सिजन मावतो. आपल्या गोळीला लागतो तो एक ग्रॅमच्या आसपास. इतका जास्त भरायचा कारण ज्वलन अर्धवट राहिलं तर सगळा प्रयोग वाया. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला किंवा जोडाला तेल, ग्रीस कधीही लावायचं नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपणहून पेटू शकतं. गोळीचं वजन एक ग्रॅमच्या फार वर जाऊ द्यायचं नाही, हाही नियम तितकाच कडक.

भरलेली कुपी दोन लिटर पाण्याच्या बादलीत अलगद सोडली की पाण्याकडे नीट बघायचं. सुरुवातीला चिकटलेली हवा म्हणून दोन-चार बुडबुडे येतात आणि थांबतात. बुडबुड्यांची माळ सुरू राहिली तर झाकणाचं रबरी कडं गळतंय. तशा कुपीत ठिणगी टाकायची नाही. बाहेर काढायची, दाब सोडायचा, कडं बदलायचं.

बादलीभोवती आणखी एक पाण्याचं आवरण असतं, वर झाकण, आत ढवळणी. ढवळणी सुरू करून पाच मिनिटं काहीच करायचं नाही, फक्त दर मिनिटाला तापमान लिहायचं. अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत वाचता येणारा तापमापी असेल तर या पाच मिनिटांतही आकडा स्थिर नसतो हे दिसतं. आमचं पाणी बाहेरच्या आवरणापेक्षा थोडं गार होतं, म्हणून ते मिनिटाला ०.००२ अंशाने चढत होतं. २६.८२० ला बटण दाबलं. बटण दाबताना आणि नंतर अर्धा मिनिट यंत्रावर वाकायचं नाही.

पहिले काही सेकंद काहीच होत नाही, मग आकडा पळायला लागतो. दीड मिनिटात साठ टक्के चढ झाला. त्यानंतर चाल मंदावली आणि साडेआठ मिनिटांनी तापमान २८.२०५ होतं. तिथून पुढे ते मिनिटाला ०.००४ अंशाने उतरत राहिलं.

वजाबाकी केली तर चढ १.३८५ अंश. घाईतला विद्यार्थी इथेच थांबतो. पण त्या साडेआठ मिनिटांत बादलीचं बाहेरशी देणंघेणं चालूच होतं. पहिली दीड मिनिटं पाणी गार होतं, तेव्हा बाहेरून उष्णता आत आली: दीड मिनिटाला ०.००३ अंश. ही गोळीची कमाई नाही, म्हणून वजा. उरलेली सात मिनिटं पाणी गरम होतं, तेव्हा उष्णता बाहेर गेली: सात मिनिटांना ०.०२८ अंश. ती गोळीचीच होती, म्हणून मिळवायची. खरा चढ १.४१० अंश. साठ टक्क्यांच्या क्षणाला आधीचा दर सोडून नंतरचा धरायचा, ही युक्ती डिकिन्सन यांच्या नावाने ओळखली जाते.

आता अंशांची उष्णता करायची. एक अंश चढायला किती कॅलरी लागतात? बादलीतल्या पाण्याला दोन हजार, हे सोपं. पण पाण्याबरोबर कुपी, बादली, ढवळणी हेही तापतं. त्यांचं स्वतंत्र मोजमाप करण्यापेक्षा ज्याचा उष्मांक पक्का ठाऊक आहे असा पदार्थ त्याच यंत्रात जाळतात. तो पदार्थ बेंझोइक आम्ल, ग्रॅमला ६३१८ कॅलरी. आम्ही ०.९९२ ग्रॅम जाळलं, म्हणजे ६२६८ कॅलरी. जळालेल्या तारेच्या १८ आणि नायट्रिक आम्लाच्या ९ मिळून ६२९५. दुरुस्त केलेला चढ २.६१ अंश. भागाकार २४१२. या यंत्राला एक अंश चढवायला २४१२ कॅलरी लागतात.

नायट्रिक आम्ल कुठून आलं? कुपीतली मूळची हवा आपण काढून टाकत नाही. ज्वाळेच्या उष्णतेत तिच्यातला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो, तळाच्या पाण्यात विरघळून आम्ल होतो आणि थोडी उष्णता सोडतो. ते धुऊन घेऊन टायट्रेशन करायचं. गंधकयुक्त कोळशात गंधकाचंही आम्ल होतं, म्हणून तिथे आम्लाची दुरुस्ती मोठी होते, चिपाडात नगण्य.

मग चिपाडाचा हिशेब. २४१२ गुणिले १.४१० म्हणजे ३४०१ कॅलरी. त्यातून तारेच्या १८ आणि आम्लाच्या ८ वजा, उरल्या ३३७५. त्याला ०.८०६ ने भागलं की ग्रॅमला ४१८७ कॅलरी. किलोला तितक्याच किलोकॅलरी.

थंड होण्याची दुरुस्ती केली नसती तर आलं असतं ४११२. पंचवीस हजारांश अंश सोडले आणि पंचाहत्तर कॅलरी गेल्या. यात एक गंमत आहे. बेंझोइक आम्लाच्या वेळीही दुरुस्ती सोडून दिली, तर तिथे २४१२ ऐवजी मोठा आकडा येतो आणि चूक चुकीला बरीचशी झाकते. म्हणूनच निष्काळजी वहीतही कधीकधी उत्तर बरोबर सापडतं. ते नशीब आवरणाच्या त्या दिवशीच्या तापमानावर अवलंबून असतं, त्यावर विसंबू नये.

प्रयोग बरा झाला का, हे कुपी उघडल्यावर कळतं. दाब हळूहळू सोडायचा, एकदम नाही. आत काजळी दिसली किंवा मुशीत काळा तुकडा उरला असेल तर ज्वलन अपुरं. तो आकडा खोडायचा. स्वच्छ भांडं, तळाशी थोडं पाणी आणि मुशीत चिमूटभर राखाडी राख असेल तर ठीक. दोन गोळ्यांच्या उत्तरांत पन्नासहून जास्त फरक आला तर मी तिसरी करायला लावतो.

पण माझ्या मते सर्वांत मोठी चूक यंत्रात नसतेच, ती ओलाव्यात असते. आमच्या दळलेल्या चिपाडात ८ टक्के ओलावा होता. ४१८७ ला ०.९२ ने भागून कोरड्या चिपाडाचा उष्मांक आला ४५५१. आता हाच ओलावा आदल्या दिवशी मोजला असेल आणि पावसाळी हवेत रात्रभर डबा उघडा राहून तो १० टक्के झाला असेल, तर खरं उत्तर ४६५२ ठरतं. शंभर कॅलरींचा फरक, तोही तापमापीला हात न लावता. गोळी आणि ओलाव्याचा नमुना एकाच वेळी, एकाच डब्यातून तोलायला हवेत.

आता तळातल्या त्या एक मिलिलिटर पाण्याकडे परत येऊ. त्यात आम्ल विरघळतं, पण मुख्य काम वेगळं. त्याच्यामुळे कुपीतली हवा आधीच बाष्पाने तृप्त असते, म्हणून ज्वलनात तयार झालेलं सगळं पाणी थेंबांच्या रूपात खाली येतं. येताना ते वाफेतली सुप्त उष्णता बादलीला देऊन टाकतं. आपण मोजला तो स्थूल उष्मांक, ज्यात ही वसुली धरलेली आहे.

बॉयलरमध्ये ही वसुली होत नाही; वाफ धुराबरोबर चिमणीतून निघून जाते. गिरणीच्या दारातलं एक किलो चिपाड घ्या: अर्धा किलो पाणी, अर्धा किलो कोरडा माल. स्थूल उष्मांक ४५५१ चा निम्मा, २२७६. कोरड्या चिपाडात साधारण ६ टक्के हायड्रोजन असतो, त्याचं जळून नऊपट वजनाचं पाणी होतं, म्हणजे आणखी ०.२७ किलो. एकूण ०.७७ किलो पाण्याची वाफ, किलोला सुमारे ५८४ किलोकॅलरी घेऊन जाणारी. एकूण ४५० गेल्या. हाती उरला निव्वळ उष्मांक १८२६ च्या आसपास.

प्रयोगशाळेच्या अहवालात ४५५१ असतं आणि बॉयलरवरच्या माणसाच्या हिशेबात अठराशे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, त्याच चिपाडाचे आहेत. म्हणून उष्मांकाचा आकडा लिहिताना त्याच्यापुढे तीन शब्द लिहायला मी मुलांना सांगतो: कोरडा की ओला, स्थूल की निव्वळ, आणि ओला असेल तर ओलावा किती.