हेडफोन फाटला नाही, पट्ट्या वर गेल्यात: अ‍ॅपमधल्या इक्वलायझरबद्दल थोडं

हे पत्रक आम्ही हल्ली प्रत्येक हेडफोनच्या खोक्यात टाकतो. कारण साधं आहे. "आवाज फाटतोय" म्हणून आठवड्याला जेवढे हेडफोन काउंटरवर येतात, त्यातल्या बऱ्याच जणांत बिघाड नसतोच. बिघाड अ‍ॅपमध्ये असतो, आणि तो ग्राहकानेच एका संध्याकाळी हौसेने केलेला असतो.

अ‍ॅप कसं उतरवायचं, ब्लूटूथ कसं जोडायचं, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. इक्वलायझरच्या पानावर उभ्या पट्ट्या दिसतात, तेही तुम्ही पाहिलं असेल. डावीकडच्या पट्ट्या खर्जाच्या, उजवीकडच्या बारीक आवाजाच्या. सोनीच्या WH-1000XM4 ला ४००, १०००, २५००, ६३०० आणि १६००० हर्ट्झ अशा पाच पट्ट्या आणि खालच्या आवाजासाठी वेगळं Clear Bass आहे. दुसऱ्या कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये कुठे आठ पट्ट्या, कुठे दहा, तर कुठे नुसती तीन बटणं. तत्त्व सगळीकडे एकच.

आता ती चूक. लोक पट्टी वर करतात. बेस कमी वाटला, बेस वर. मग गायक दबला, मधली वर. मग झांज ऐकू येईना, शेवटची वर. अर्ध्या तासाने सगळ्या पट्ट्या छताला टेकलेल्या असतात आणि आवाज फर्र-फर्र करायला लागतो. त्यानंतर आमच्याकडे फोन.

हे का होतं? आजकालची बहुतेक गाणी तयार होतानाच जवळजवळ कमाल पातळीपर्यंत भरलेली असतात. डिजिटल आवाजाला वर एक पक्कं छत असतं, त्यापलीकडे जागाच नाही. काठोकाठ भरलेल्या पेल्यात आणखी ओतलं तर सांडणारच. पट्टी ६ डेसिबलने वर नेली की त्या भागातली लाट दुप्पट उंच होते. छताच्या वर गेलेला तिचा माथा सरळ छाटला जातो, आणि छाटलेली लाट कानाला फाटल्यासारखी लागते. तबल्याच्या थापेवर, ढोलकीच्या घुमाऱ्यावर हे आधी जाणवतं, कारण तिथे लाट सगळ्यात उंच असते. काही अ‍ॅप हुशार असतात, पट्टी वर केली की एकूण आवाजच गुपचूप खाली आणतात. मग फाटत नाही, पण "नवीन हेडफोनचा आवाज बारीक आहे" ही तक्रार सुरू होते.

म्हणून आमचा नियम उलटा आहे. जे कमी वाटतं ते वाढवू नका, जे जास्त आहे ते कमी करा, आणि मग फोनचा एकूण आवाज दोन टप्पे वाढवा. गायक दबतोय? बेस उतरवा. हे कानाला पटायला दोन दिवस लागतात, कारण मोठा आवाज कोणालाही चांगलाच वाटतो. पट्टी वर केल्यावर "वा, सुधारलं" जे वाटतं, त्यातलं पुष्कळसं श्रेय नुसत्या वाढलेल्या आवाजाचं असतं. दोन सेटिंगची तुलना करताना दोन्हीकडे आवाज सारखा ठेवून ऐका, म्हणजे खरं-खोटं कळेल.

मागच्या महिन्यातलं एक उदाहरण सांगतो. एक निवृत्त शिक्षक, आमचे जुने ग्राहक. वर सांगितलेलंच पाच पट्ट्यांचं मॉडेल. तक्रार अशी की डग्ग्यावर थाप पडली की आवाज फाटतो, आणि गाणं मागे जातं. "वॉरंटीत बदलून द्या" म्हणाले. आम्ही आधी त्यांचा फोन मागितला, तर जरा रागावलेच. अ‍ॅप उघडलं: Clear Bass थेट १०, बाकीच्या पाचही पट्ट्या ६ ते ८ च्या दरम्यान. त्यात फोनच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही इक्वलायझर चालू, आणि तिथेही बेस वर. म्हणजे एकाच आमटीत दोघांनी न विचारता मीठ टाकलेलं.

फोनमधला बंद केला. अ‍ॅपमधलं सगळं शून्यावर आणलं. त्यांचीच रेकॉर्डिंग, तोच विलंबित एकताल, आवाजाची पातळी तीच. फर्र गेलं. मग Clear Bass उणे ३ केलं, ४०० ची पट्टी उणे १, २५०० ची अधिक १, बाकी तीन शून्यावरच. हे Custom 1 मध्ये जतन करून दिलं. सर दहा मिनिटं खुर्चीत बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तानपुरा होता होय यात!"

ही तपासणी तुम्ही घरीही करू शकता. सगळं शून्यावर आणा आणि तेच गाणं त्याच आवाजात ऐका. फाटणं थांबलं तर दोष सेटिंगचा. शून्यावरही एकाच कानात खरखर राहिली, तर हेडफोन आमच्याकडे आणा. जाळीत मळ असेल किंवा आतला स्पीकर गेला असेल. आणि हेडफोनची डावी-उजवी बाजू उलटी घातल्यावरही तुमच्या त्याच कानाला कमी ऐकू येत असेल, तर आमच्याकडे नको, कानाच्या डॉक्टरांकडे जा.

आता एकेका ऐकण्याबद्दल.

व्याख्यानं, बातम्या, ऑडिओबुक, कीर्तन: इथे शब्द कळणं महत्त्वाचं. शब्दांची धार क, ट, त, प अशा व्यंजनांत असते आणि ती साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या भागात ऐकू येते. स्वरांचं वजन त्याच्या बरंच खाली. म्हणून बेस चांगला उणे ४-५ पर्यंत उतरवा, ४०० ची पट्टी एक-दोन घर खाली, आणि २५०० ची फार तर अधिक २. एवढ्यावर थांबा. ६३०० ची वर नेलीत तर प्रत्येक "स" आणि "श" सुईसारखा टोचेल आणि तासाभराने डोकं चढेल. तयार Vocal किंवा Speech सेटिंग वाईट नसतं, पण आधी आमचं करून बघा.

इथेच एक गैरसमज मोडून काढतो. "Vocal लावलं तरी समोरच्याला माझा आवाज नीट जात नाही" असं विचारणारे रोज भेटतात. इक्वलायझर तुमच्या कानात येणारा आवाज बदलतो, तुमच्या माइकला त्याचा काहीही पत्ता नसतो. शिवाय फोन आला की ब्लूटूथ वेगळ्या, बोलण्यापुरत्या जोडणीवर जातं, म्हणून कॉलमध्ये संगीतासारखा भरदार आवाज येत नाही. माइकची तक्रार असेल तर माइकचं छिद्र साफ आहे का, वाऱ्यात चालता का, हे बघावं लागतं. पट्ट्यांना हात लावू नका.

बेस: मुलांचा आवडता विषय, त्यामुळे थोडक्यात. बेस येत नसेल तर दहातल्या सात वेळा तरी आम्हाला रबरी टिपच चुकीच्या मापाची सापडते. कानात फट राहिली की खालचा आवाज तिथूनच निसटतो, मग अ‍ॅपमध्ये कितीही वाढवा. बड्स कानात घालून बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम आला, तर मोठी टिप लावा. दोन्ही कानांना वेगळं माप लागणं अगदी साधी गोष्ट आहे. डोक्यावरच्या हेडफोनमध्ये हीच फट चष्म्याच्या काडीमुळे किंवा सोललेल्या, चपट्या झालेल्या गादीमुळे पडते. त्यानंतरही बेस हवाच असेल तर सर्वात डावी पट्टी अधिक २ किंवा ३, आणि २०० ते ४०० च्या आसपासची उणे २. घुमणं कमी होतं आणि ठोका सुटा लागतो. नुसतं Bass Boost दाबून बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

शास्त्रीय संगीत: इथे आम्ही जरा जास्त वेळ देतो, कारण बाजारातले बहुतेक वायरलेस हेडफोन मुळात बेसकडे झुकवून बनवलेले असतात आणि ते झुकणं इथे सगळ्यात जास्त खटकतं. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झ, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. डग्गाही याच शेजारात घुमतो. कंपनीने हा भाग आधीच फुगवलेला असला की डग्गा खर्जाच्या तारेवर बसतो आणि तानपुरा नुसता घों-घों ऐकू येतो. पण तानपुऱ्याची खरी ओळख खर्जात नाही, जवारीत आहे; आणि जवारीतून उमटणारे स्वर मूळ स्वराच्या कितीतरी पट वर, हजार हर्ट्झच्या पुढेही, पसरलेले असतात. ते वर करण्याऐवजी खालचं उतरवलं की जवारी आपोआप उघडी पडते. सरांच्या फोनवर आम्ही एवढंच केलं होतं.

जुन्या ध्वनिमुद्रणांबाबत एक सूचना. ७८ च्या तबकड्यांवरून घेतलेल्या मैफलीत अगदी वरच्या पट्टीत संगीत जवळजवळ नसतंच, असते ती खरखर. १६००० ची पट्टी तिथे वर नेऊन तुम्ही फक्त खरखर विकत घेता. उलट ती उणे ४ करा, कान निवतील. आणि "सराउंड", "थ्रीडी", "कॉन्सर्ट हॉल" असली बटणं शास्त्रीय ऐकताना बंद ठेवा. ती एका गायकाला मंगल कार्यालयात नेऊन बसवतात.

बऱ्याच मॉडेलमध्ये ही सेटिंग हेडफोनच्या आतच साठते. म्हणजे उद्या तुम्ही तोच हेडफोन लॅपटॉपला जोडला, तरी कालचा बेस तिथेही येणार. घरात एकच हेडफोन दोघं वापरत असाल तर आधी अ‍ॅप बघा, मग भांडा.

शेवटी पैशांचं. तपासणीचे १५० रुपये आम्ही दोष सेटिंगचा निघाला तरी घेतो, यावरून नाराजी होते. पण शून्यावर आणून, दोन्ही कान वेगळे ऐकून, दुसऱ्या फोनवर जोडून बघण्यात आमचा माणूस वीस-पंचवीस मिनिटं अडकतो. त्यापेक्षा वर सांगितलेली तपासणी घरी करा आणि पैसे वाचवा, आमची हरकत नाही. हेडफोन आमच्याकडून घेतला असेल तर पहिल्या महिन्यात सेटिंग एकदा फुकट बसवून देतो. टिपांची तिन्ही मापं दुकानात घालून बघायला मिळतात. फोमच्या टिपा आणि कानाच्या गाद्या नेहमीच्या मॉडेलच्या ठेवतो, बाकीच्या चार-पाच दिवसांत मागवतो.

"सगळ्यांना चालेल असं एक सेटिंग लिहून द्या" असं मात्र म्हणू नका. वरचे आकडे सुरुवातीचे आहेत, दुसऱ्या मॉडेलवर ते एक-दोन घरं इकडे-तिकडे होणारच. येताना हेडफोन चार्ज केलेला असू द्या, फोन सोबत आणा, आणि तुम्ही शंभरदा ऐकलेलं एक गाणं काढून ठेवा. आमच्या आवडीच्या गाण्यावर तुमचा हेडफोन लावण्यात अर्थ नाही.

सोमवारी दुकान बंद.