दोन्ही वेजवर दहाच लिहिलंय, मग एक रुततो आणि दुसरा का सरकतो?

गोल्फमधला वेज, म्हणजे चेंडू उंच उडवून जवळ टाकायचा क्लब, घ्यायला गेलं की त्याच्या सोलवर, म्हणजे तळावर, दोन आकडे आणि बहुतेकदा एक अक्षर दिसतं. पहिला आकडा लॉफ्टचा, दुसरा बाउन्सचा, आणि अक्षर ग्राइंडचं. लॉफ्ट म्हणजे चेंडूला लागणाऱ्या फेसचा तिरपेपणा, तो सगळ्यांना कळतो. बाउन्स आणि ग्राइंड मात्र बरेच जण एकच समजतात, किंवा बाउन्सचा आकडा पाहून ग्राइंडकडे बघतच नाहीत. ‘कडक मैदान असेल तर कमी बाउन्स, मऊ असेल तर जास्त’ हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो. नियम चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग ग्राइंडमध्ये असतो, आणि वेज हातात घेतल्यावर फसगत होते ती नेमकी तिथेच.

आधी बाउन्स. शाफ्ट सरळ उभी आणि फेस सरळ ठेवून वेज सपाट जागेवर टेकवला, तर लीडिंग एज, म्हणजे फेसची पुढची खालची कड, जमिनीला टेकत नाही. ती किंचित वर राहते आणि सोलचा मागचा भाग आधी टेकतो. जमीन आणि त्या कडेपासून मागे उतरत गेलेला सोल यांच्यातला कोन म्हणजे बाउन्स. साधारण चार ते सहा अंशांना कमी म्हणतात, सात ते दहा मधला, त्यापुढे जास्त. सोलचा टेकणारा भाग कडेपासून सेंटिमीटरभर मागे धरला, तर दहा अंशांना कड जमिनीपासून पावणेदोन मिलिमीटर वर राहते आणि चार अंशांना पाऊण मिलिमीटरही नाही. फरक एवढाच, एक मिलिमीटरचा. पण क्लब वेगाने जमिनीत शिरत असताना कड आधी लागली की ती खणते, आणि सोल आधी लागला की तो घसरत पुढे जातो. सगळा खेळ या एका मिलिमीटरवर ठरतो.

ग्राइंड म्हणजे सोलचा आकार, कारखान्यात कुठून किती धातू घासून काढला आहे ते. हीलकडून म्हणजे शाफ्टच्या बाजूने काढला असेल, टो म्हणजे शाफ्टपासून लांबच्या टोकाकडून काढला असेल, मागच्या कडेवर म्हणजे ट्रेलिंग एजवर तिरपा उतार दिला असेल, किंवा काहीच न काढता पूर्ण रुंद सोल ठेवला असेल. बाउन्स हा एका ठरावीक स्थितीत मोजलेला कोन आहे. त्या स्थितीतून क्लब हलला, म्हणजे फेस उघडला किंवा हात पुढे झुकले, की सोलचा कोणता भाग जमिनीला लागेल हे ग्राइंड ठरवतं. शिवाय वळणदार सोलवर हा कोन मोजण्याच्या पद्धती कंपन्यांगणिक वेगळ्या असतात. त्यामुळे एका कंपनीचा दहा आणि दुसरीचा दहा सारखेच वागतील असं धरून चालू नये.

एक उदाहरण घेऊ. ग्रीनपासून वीस मीटरवर चेंडू आहे, झेंडा ग्रीनच्या अलीकडच्या कडेजवळ, म्हणजे चेंडू उंच जाऊन लगेच थांबायला हवा. हातात दोन वेज, दोन्ही अठ्ठावन्न अंशांचे, दोन्हींवर बाउन्स दहा. पहिल्याचा सोल पूर्ण आणि रुंद, कुठेही घासलेला नाही. दुसऱ्याची हील, टो आणि मागची कड घासून काढलेली.

कडक, कोरडी जमीन आणि अगदी आखूड गवत. फेस सरळ ठेवला आणि चेंडूला लागताना हात आठ अंश पुढे झुकले, तर दोन्ही वेजचा बाउन्स आठ अंशांनी कमी होतो आणि हातात उरतो तो दोन. लॉफ्टही अठ्ठावन्नचा पन्नास होतो. या शॉटला दोन्ही वेज जवळपास सारखेच वागतात, कारण सोलचा पुढचा-मधला भागच जमिनीला लागतो आणि तिथे दोघांचा आकार फारसा वेगळा नाही. सोलवरचा दहा हा आकडा इथे कुणाच्याच कामी येत नाही. तरीही ‘माझा वेज दहाचा आहे, मग तो रुततो कसा’ हा प्रश्न मी सतत ऐकतो. उत्तर हातांच्या झुकावात आहे.

तोच खेळाडू आता फेस उघडतो, हात मागे आणि किंचित खाली नेतो. फेस उघडला की लॉफ्ट वाढतो आणि बाउन्सही वाढतो. पूर्ण सोलच्या वेजमध्ये हीलकडचा आणि मागचा भाग आधी जमिनीला टेकतो, त्यामुळे पुढची कड उचलली जाते. कडक जमिनीवर सोल आत शिरू शकत नाही. तो टेकतो, उसळतो, आणि वर आलेली कड चेंडूच्या मध्याजवळ बसते. चेंडू उंच न जाता जमिनीलगत सुसाट ग्रीनच्या पलीकडे जातो. दुसऱ्या वेजमध्ये नेमका तो हीलचा आणि मागचा भाग घासलेला असतो. त्यामुळे फेस उघडूनही कड खालीच राहते आणि चेंडूखाली जाऊ शकते. दोन्हींवर दहाच लिहिलेलं असलं, तरी उघड्या फेसने ते दोन वेगळे क्लब झालेले असतात.

आता तीच जागा, पण रात्रभर पाऊस पडून गेलेला. माती दबते, टाच टेकली की पाणी वर येतं. इथे पारडं उलटं फिरतं. पूर्ण सोलचा वेज किंचित शिरतो, रुंद सोलखाली माती दाबली जाते आणि तो पुढे सरकत राहतो. चेंडूच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे पडला तरी शॉट निभावून जातो. दुसऱ्या वेजच्या सोलला टेकायला क्षेत्रफळच कमी, तो जास्त खोल जातो, माती फेस आणि चेंडूच्या मध्ये येते आणि चेंडू अर्ध्यावर पडतो. घासून काढलेल्या धातूची किंमत मऊ मैदानावर अशी वसूल होते. ग्राइंडचे गोडवे गाताना ही बाजू कमी सांगितली जाते, म्हणून ती ठळकपणे सांगावीशी वाटते.

याचा दुसरा भाग सोलच्या रुंदीचा आहे. सहा अंशांचा पण रुंद सोलचा वेज मऊ मातीत कधी कधी अरुंद सोलच्या दहा अंशांच्या वेजपेक्षा कमी रुततो. आकडा कोन सांगतो. तो कोन किती रुंदीवर पसरलाय हे आकडा सांगत नाही.

‘कडक म्हणजे कमी बाउन्स’ हा नियम जिथे सर्वात जास्त फसवतो ती जागा म्हणजे उभा स्विंग. क्लब वरून खाली तीव्र कोनात येतो, हात बरेच पुढे असतात, डिव्हॉट म्हणजे उखडला जाणारा गवत-मातीचा तुकडा खोल निघतो. अशा खेळाडूने कडक मैदानासाठी चार अंशांचा वेज घेतला आणि हात पाच अंश पुढे नेले, तर बाउन्स शून्याखाली जातो. मग कड कुदळीसारखी जमिनीला लागते, आणि कडक माती दबत नसल्यामुळे क्लब तिथेच अडतो. त्याला कडक जमिनीवरही मधला बाउन्सच बरा, फक्त ग्राइंड असा हवा की गरज पडली तर फेस उघडता येईल. याउलट सपाट स्विंगवाला, जो जमिनीवरून गवत झाडून नेतो आणि जेमतेम डिव्हॉट काढतो, त्याला कडक जमिनीवर कमी बाउन्स खरोखर मानवतो. गवताचा प्रकारही पाहावा. उष्ण प्रदेशांतल्या बर्म्युडा गवतात पाती उलट दिशेला झुकलेली असली की जमीन कडक असूनही ती कडेला अडकवतात. तिथे थोडा जास्त बाउन्स असलेला बरा.

आपला स्विंग कोणत्या जातीचा हे ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. सोलवर व्हाइटबोर्डच्या मार्करने हीलपासून टोपर्यंत दोन-तीन समांतर रेघा ओढा, एक पुढच्या कडेजवळ, एक मध्यावर, एक मागे. कडक, आखूड गवतावर पाच-सहा साधे पिच मारा आणि कुठली रेघ पुसली गेली ते पहा. पुढचीच पुसली असेल, तर हातांच्या झुकावाने बाउन्स खाल्ला जातोय किंवा बाउन्स मुळातच कमी आहे. मधली पुसली तर सोल नीट वापरला जातोय. मागची पुसली आणि शॉट चेंडूच्या मध्याला लागत असतील, तर त्या जमिनीसाठी बाउन्स जास्त आहे. मग रेघा नव्याने ओढून फेस उघडून मारा. फक्त हीलकडची शाई गेली आणि कड वर राहिली, तर अडचण आकड्यात नाही, ग्राइंडमध्ये आहे. ही दुसरी पायरी सोडू नका, दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवते ती हीच.

बंकरमध्येही हेच तर्कशास्त्र चालतं. अमेरिकन गोल्फपटू जीन साराझेनने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला वेजच्या मागे धातू वाढवून मागची कड आधी वाळूला लागेल असं केलं आणि 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकताना तोच सँड वेज वापरला. त्याआधीचे अरुंद, तीक्ष्ण कडेचे क्लब वाळूत शिरून राहायचे. म्हणूनच भुसभुशीत, खोल वाळूला रुंद सोल आणि जास्त बाउन्स लागतो. ओली, घट्ट दबलेली वाळू मात्र कडक जमिनीसारखी वागते. तिथे जास्त बाउन्सचा वेज उसळतो आणि चेंडू पलीकडच्या रफमध्ये जातो.

हातातला वेज बदलायचा नसेल तर एक वाट आहे, पण ती फक्त बाउन्सपुरती. क्लब दुरुस्त करणाऱ्याकडून होझल, म्हणजे शाफ्ट बसतो तो गळा, वाकवून लॉफ्ट दोन अंश वाढवला, तर बाउन्सही दोन अंश वाढतो. अठ्ठावन्न-दहाचा वेज साठ-बारा होतो. लॉफ्ट दोन अंश कमी केला तर तोच छप्पन्न-आठ. ग्राइंड वाकवून बदलत नाही, त्यासाठी सोल घासावा लागतो, आणि घासलेला धातू परत येत नाही. शिवाय डोक्याचं वजन कमी होऊन क्लब हातात हलका लागतो. म्हणून घासण्याआधी मार्करची चाचणी आपल्या नेहमीच्या मैदानावर, कोरड्या दिवशी आणि पावसानंतर, अशी दोनदा करावी.

एकच वेज दोन्ही मैदानांना पुरेल असा हट्ट मी धरत नाही. बॅगेत दोन वेज असतील तर चोपन्न किंवा छप्पन्नचा वेज पूर्ण सोलचा आणि बारा-चौदा बाउन्सचा ठेवावा, तो बंकर आणि ओल्या गवताचं काम करेल. अठ्ठावन्न किंवा साठचा वेज सहा ते दहा बाउन्सचा आणि हील-टो घासलेल्या ग्राइंडचा घ्यावा. कोरड्या दिवशी ग्रीनभोवती फेस उघडायचा असेल तर तो काढा, आणि टाचेखाली माती दबायला लागली की पहिल्याकडे हात जाऊ द्या.