मामांनी सहाच लाख का दिले, त्यामागची गोष्ट

सांगलीच्या आमच्या मामा-मामींनी पुण्यातल्या दादाला पत्र लिहिलं, की फ्लॅटसाठी तू वीस लाख मागितलेस, आम्ही सहा देतो, बाकीचे तीस आमच्याकडेच राहतील. आता नातेवाईकांत एकच सूर, कंपनीत नोकरी केली म्हणजे पेन्शन असणारच की, मग एवढे पैसे धरून का बसलेत.

पेन्शन आहे ओ, पण किती ते बघा. मामा १९८५ ला एमआयडीसीत लागले तेव्हा पीएफ होता आणि १९७१ ची फॅमिली पेन्शन होती, म्हणजे माणूस गेला तर बायकोपोरांना मिळणार, रिटायर होणाऱ्याला स्वतःला काही नाही. मासिक पेन्शन आली ती १६ नोव्हेंबर १९९५ च्या ईपीएस योजनेत. हिशोब असा, की पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पण इथला पगार म्हणजे खरा पगार नव्हे, त्याला सरकारने लावलेली कमाल मर्यादा, आधी ५,०००, २००१ पासून ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. मामा २०१७ ला रिटायर झाले, म्हणजे त्यांची बहुतेक वर्षं ६,५०० च्याच हिशोबात मोजली गेली. हातात येतात तीन हजाराच्या आत, आणि त्यावर महागाई भत्ता नाही, म्हणजे दहा वर्षांनी पण तेवढेच. झेडपीतले जुने शिक्षक आणि मामा यांची तुलना करणाऱ्यांना एवढंच कळत नाही.

त्यामुळे पीएफ, ग्रॅच्युइटी आणि मिरजेचा प्लॉट विकून जमलेले छत्तीस लाख हीच त्यांची खरी पेन्शन. रिटायर झाले तेव्हा पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये १५ लाखच ठेवता यायचे. त्यात व्याजदर एप्रिल २०२० ला ८.६ वरून एकदम ७.४ वर आला, पोस्टात नवं खातं उघडणाऱ्याला तोच दर, आणि मामींनी तेव्हाच घरखर्चाची वही काढली. २०२३ ला मर्यादा ३० लाख झाली, दर ८.२. आता तीस लाखावर तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला २०,५००.

दादाला वीस लाख दिले असते तर उरले असते सोळा, त्याचे महिन्याला ११ हजाराच्या आत, पेन्शन धरून चौदा पण नाही. घरखर्च, औषधं आणि मेडिक्लेमचा हप्ता मिळून अठरा हजार लागतात. म्हणजे दर महिन्याला मूळ रकमेतून काढायचे, की व्याज अजून कमी, आणि मग शेवटी दादाकडेच मागायचे, तेही त्याचा होम लोनचा हप्ता चालू असताना. मामींनी पत्रात हेच लिहिलंय, "तुझ्या पगारातून आमची औषधं आणायची वेळ येऊ नये, म्हणून हे पैसे अडवलेत."

बरं, खातं पाच वर्षांचं. मधे मोडलं तर दंड, आणि मुदत संपल्यावर जो दर असेल तो घ्यायचा, म्हणून पुढे व्याज कमी होईल हे पण त्यांनी धरलंय.

सहा लाख मात्र उसने नाहीत, परत मागणार नाहीत. फक्त होम लोनला जामीन राहायचं नाही असं मामांनी खाली वेगळं लिहिलंय. खात्याला नॉमिनी मामी आहेत.